पानी कवा येल

ठाण्याच्या खाडीवर आगगाडीचा पूल झाल्याला तेव्हा तीसेक वर्षं उलटली होती. पुलाच्या अलीकडे, कळव्याच्या अंगाला, गोपीनाथ आणि काळुराम या दोघा सख्ख्या भावांची मिठागरं लागून होती. बाप होता तोवर एकच आगर होतं. बाप गेल्यावर मधोमध एक बांध घातला, खाडीच्या तोंडाशी दुसरी उघाडी बसवली, आणि थोरल्या गोपीनाथकडे पुलाकडची बाजू, धाकट्या काळुरामकडे तिवरांच्या झाडीकडची, अशी वाटणी झाली. घरंही दोन झाली, पण अंगण एकच राहिलं. त्या अंगणात भांडण झालं नाही असा आठवडा क्वचितच जाई.

भांडणं सकाळची असत. काम सुरू व्हायच्या आधी, पेजेच्या वाटीवर. कुणाचं फावडं कुणी नेलं, मधल्या बांधाला माती कुणी लावायची, कुणाच्या कोंबड्या कुणाच्या वाळवणात शिरल्या. गोपीनाथचा आवाज मोठा होता आणि काळुरामची जीभ तिखट. दोघे एकमेकांना वाट्टेल ते बोलत, मग तोंडं फिरवून दोन वेगळ्या वाटांनी आगरावर जात.

तिथे गेल्यावर त्या दोघांचा एक रिवाज होता. तो त्यांना कुणी शिकवला नव्हता आणि त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते.

भांडणाच्या दिवशी दोघे आपापल्या उघाडीवर बसून राहत. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. खाचेत उभ्या बसवलेल्या फळ्या, त्यांना वरून दाबून धरणारी एक पाचर, आणि फटींतून चोपलेला चिखल. भरतीच्या वेळी तिथे माणूस लागतं. एरवी दोघांपैकी एकजण दोन्ही उघाड्या सांभाळी आणि दुसरा घरी जाऊन जेवून येई. पण भांडण असलं की कुणी हलत नसे. मांडीवर भाजलेले तांदूळ घेऊन दोघे उन्हात बसत, पाठीला पाठ.

मग कधीतरी, बहुधा भर दुपारी, दोघांतला एक मधल्या बांधापर्यंत येई. समोर बघायचं नाही. हातात काहीतरी काम धरायचं, ढेकूळ फोडायचं नाहीतर खेकड्याचं बीळ बुजवायचं. आणि खाली बघत, दुसऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचं, "पानी कवा येल?"

आता खाडीच्या काठी जन्मलेल्या माणसाला पाणी कधी येणार हे विचारावं लागत नाही. तिथी मोजली की वेळ कळते, आणि तिथी मोजायला बोटं पुरतात. दोघांना ते लहानपणापासून येत होतं, आणि दोघांना येतं हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच तो प्रश्न कामाचा होता. त्यात माफी नव्हती, सकाळचा विषय नव्हता, हार नव्हती. कुणी तिसरा बांधावरून जात असता तर त्याला वाटलं असतं, भरतीची चौकशी चाललीय.

उत्तरालाही नियम होता. लगेच द्यायचं नाही, पण फार थांबायचंही नाही. चिलमीचा एक झुरका, एवढा वेळ. मान वर करायची नाही. जेवढं विचारलंय तेवढंच सांगायचं: "दिस कलल्याव." संपलं. उत्तर मिळालं की विचारणारा आपलं काम तिथेच टाकून घरी जेवायला जाई, आणि उत्तर देणारा त्याची उघाडीही आपल्या नजरेत धरी. उत्तर दिलं म्हणजे राखण पत्करली. न बोलता झालेला करार तेवढाच होता आणि वीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

ज्याची चूक त्यानेच विचारायचं असंही नव्हतं. ज्याचा राग आधी निवे तो विचारी. बहुतेक वेळा तो गोपीनाथ असे. त्याचा आवाज मोठा होता, पण राग टिकत नसे.

त्या वर्षी वैशाखातल्या पुनवेनंतरच्या दुसऱ्या दिवशी मात्र टिकला.

भांडण बांधाचंच होतं. मधल्या बांधात खेकड्यांनी बिळं केली होती. ती बुजवायची पाळी काळुरामची होती आणि त्याने ती चार दिवस टाळली होती. उधाणाचे दिवस, आणि दोन्ही आगरांत मीठ धरलेलं. पांढरी साय आता बोटभर जाड झाली होती, उद्या परवा ओढायची होती. गोपीनाथ पेज पीत पीत चिडला.

"बायकोच्या पदराखालून निघ जरा," तो म्हणाला. "बापानं तुला आगर दिलं ते झोपाला नाय."

काळुरामची बायको ठमाबाई दारात होती. तिने ऐकलं आणि काळुरामने तिने ऐकलेलं पाहिलं. त्याची मुलगी शालू, सहा वर्षांची, चुलीपाशी बसून बापाकडे बघत होती.

"मी झोपीन नायतर बांधीन," काळुराम म्हणाला. "माझ्यामागं खानारं हाय. तू कुनासाठी लिंपतंस रं बांध? तुझ्यामागं पिंड ठेवाला तरी कोन हाय?"

गोपीनाथची बायको सखुबाई हातात भाकरीचं टोपलं घेऊन बाहेर येत होती. ती उंबऱ्यावरच थांबली. आठ वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत त्यांची दोन मुलं एका आठवड्यात गेली होती. त्यातलं धाकटं काळुरामच्याच खांद्यावरून मसणात गेलं होतं. त्यानंतर त्या घरात पाळणा हलला नव्हता, आणि इतक्या भांडणांत, इतक्या शिव्यांत, कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

सखुबाई टोपलं घेऊन आत गेली.

गोपीनाथने पेजेची वाटी खाली ठेवली. तो आगराकडे चालू लागला. नेहमी तो तोंडाने बडबडत जाई. आज वाटभर त्याचे ओठ मिटलेले होते. आपण काय करणार आहोत हे त्याला अंगण ओलांडतानाच कळलं होतं.

काळुराम मागे रेंगाळला. बायकोने त्याला घरात बोलावून घेतलं असावं, नाहीतर स्वतःच्याच बोलण्याने तो खचून बसला असावा. एवढा वेळ गोपीनाथला पुरला. तो तिवरांकडच्या उघाडीवर गेला, गुडघ्यावर बसला आणि फटींतला चिखल बोटांनी उकरून काढला. बाहेरून पुन्हा थोडी ओली माती पुसली, म्हणजे वरवर बघणाऱ्याला धड दिसेल. मग पाचर हलवून हलवून उपसली आणि तिची जागाही चिखलाने भरली. ती सागाची होती, बापाच्या हातची. ती त्याने धोतराच्या कनवटीला खोचली आणि आपल्या उघाडीवर येऊन बसला.

पाचरीशिवाय फळ्या साध्या पाण्याला टिकल्या असत्या. उधाणाला टिकणार नव्हत्या. पाणी त्यांना खालून उचलणार, आधी आतलं तळं भरणार, मग बुटके बांध ओलांडून मिठाच्या खणाखणांत शिरणार, आणि महिनाभर उन्हाने धरलेलं मीठ ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात जाणार. पुढे पंधरा दिवसांत पाऊस. पुन्हा धरायला वेळ नाही.

अडचण एकच होती. काळुराम भांडणाच्या दिवशी उघाडी सोडत नसे. तो येऊन बसला की पाणी चढताना फळी हललेली पाहणार, आणि हातोहात दुसरी पाचर ठोकणार.

काळुराम आला तेव्हा ऊन चढलं होतं. तो आपल्या उघाडीवर बसला, पाठ करून. गोपीनाथने वळून पाहिलं नाही, पण कान तिकडेच होते. त्याला वाटत होतं, हा आज संध्याकाळपर्यंत येणार नाही. असलं बोलल्यावर कुठल्या तोंडाने येईल. मग काय करायचं? पाणी चढायला लागलं की त्याला हाक मारून काही निमित्ताने लांब न्यायचं? गोपीनाथने चिलीम भरली आणि न पेटवता तशीच ठेवली.

आणि दुपारही झाली नव्हती तोवर मधल्या बांधावर पावलं वाजली.

काळुराम आला होता. फावड्याने तो एक बीळ बुजवू लागला. जे बीळ चार दिवस उघडं होतं तेच. बराच वेळ नुसता फावड्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"पानी कवा येल, दादूस?"

वीस वर्षांत त्या प्रश्नाला 'दादूस' कधी जोडलेलं नव्हतं. प्रश्न उघडा असे, तोच त्याचा मान होता. आज त्याने तो शब्द जोडला होता आणि वेळेच्या आधी आला होता. म्हणजे याला लागलंय. हा ओशाळलाय. आपण बोललो ते परत घ्यायला याच्याकडे दुसरं काही नाही, म्हणून हा एक शब्द जास्तीचा ठेवतोय.

ते कळलं, आणि त्यानेच गोपीनाथचा राग पेटला. दोन पोरं, आणि त्यांच्यावर एक 'दादूस'. एवढ्यात फिटलं?

उत्तर दिलं नाही तर काळुराम परत जाऊन उघाडीवर बसणार होता. काही उलटसुलट बोललं तरी बसणारच होता. त्याला उठवायचा एकच रस्ता होता, आणि तो रस्ता काळुराम स्वतःच घेऊन आला होता.

गोपीनाथने चिलीम तोंडाला लावली. ती पेटवलेलीच नव्हती. तरी एक झुरका ओढण्याइतका वेळ त्याने जाऊ दिला. मान वर केली नाही.

"दिस कलल्याव," तो म्हणाला. आवाज बरोबर निघाला. मग त्याला भीती वाटली की एवढ्याने हा जाणार नाही, आणि तो पुढे बोलला, "जा तू, जेवून ये."

फावडं क्षणभर तसंच राहिलं. 'जेवून ये' कधी म्हणायचं नसे. तो अर्थ उत्तरातच असे. पण काळुरामने त्याचं काय केलं हे त्याच्या पाठीवरून दिसलं. खांदे सैल झाले. थोरल्यानेही आज एक शब्द जास्तीचा दिला, असंच त्याला वाटलं असणार. फावडं बांधावर टाकून तो घराकडे निघाला, आणि जाता जाता त्याने खोकून घसा मोकळा केला, गाणं म्हणणार असल्यासारखा.

सखुबाई भाकरी घेऊन बांधाच्या वळणावर उभी होती. गोपीनाथने तिला आत्ता पाहिलं. काळुराम तिच्या बाजूने गेला तेव्हा तिने पदर ओढून घेतला आणि तो खाली बघत निघून गेला.

ती येऊन बसली. फडकं सोडलं नाही.

"झालं गोड?" ती म्हणाली.

गोपीनाथने चिलीम खाली ठेवली.

"मी ऐकलं. त्यानं विचारलं नि तुमी सांगितलं. सकाली त्यानं माझी पोरं मातीतून उकरून अंगनात टाकली. आनि दुपार होयाच्या आधी तुमी त्याला जेवाला धाडलं." तिचा आवाज चढला नाही. "मी आतमंदी बसून वाट बघत व्हती. म्हनलं, आज तरी हा मानूस उत्तर देनार नाय."

गोपीनाथने कनवटीला हात घातला, पाचर काढली आणि भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवली.

सखुबाईने ती पाहिली. त्या घरात ती बाराव्या वर्षापासून होती. ती पाचर कुठली हे तिला सांगावं लागलं नाही. तिने तिवरांकडे पाहिलं, मग रिकाम्या उघाडीकडे, मग घराच्या वाटेकडे, जिथून काळुराम अजून दिसत होता. हाक मारली असती तर पोचली असती.

तिने फडकं सोडलं. भाकरीवर सुक्या बोंबलाची चटणी घातली आणि ती नवऱ्यापुढे सरकवली.

"जेवा," ती म्हणाली.

दोघं जेवली. भाकरी संपेपर्यंत खाडी चढू लागली होती. आधी तिवरांच्या मुळांत बुडबुडे आले, मग चिखलावरचे बेडूकमासे उड्या मारत वर सरकले, मग पाणी फळ्यांना लागलं. गोपीनाथ बघत राहिला. बराच वेळ काही झालं नाही आणि त्याच्या मनात आलं की फळ्या धरतील. त्या विचाराने आपल्याला बरं वाटलं की वाईट, हे त्याला ठरवता आलं नाही. मग मधली फळी वर आली, अगदी सावकाश, कुणी आतून हाताने उचलावी तशी. तिच्याखालून पाणी शिरलं, आणि पुढच्या फळ्या आडव्या पडल्या.

तळं भरलं. बुटके बांध भिजले, कडेने खचले. पहिल्या खणातली पांढरी साय आधी राखाडी झाली, मग काठाने फाटली आणि मग दिसेनाशी झाली. मधला बांध तेवढा टिकला, त्याच्या पलीकडचे एकामागून एक अकरा खण गेले. सखुबाई उभी राहून मोजत होती. ओठ हलत होते. अकरावा गेला तेव्हा ती बसली.

"ही लपवा," तिने पाचरीकडे बोट केलं.

"नाय," गोपीनाथ म्हणाला. "त्याला कलायला पायजे."

त्याने पाचर मधल्या बांधावर, टाकलेल्या फावड्याच्या दांड्यापाशी नेऊन ठेवली. कुणी केलं ते कळलं नाही तर त्यात काय? काळुरामने धावत यावं, शिव्या द्याव्या, फावडं उगारावं, आणि मग आपण सांगावं: आता तुझ्या मागं खानारानं काय खायाचं ते बघ. हे वाक्य त्याने सकाळपासून तयार ठेवलं होतं.

काळुराम आला तो खरंच धावत. कुणीतरी घरी ओरडून सांगितलं होतं. मागे ठमाबाई छाती बडवत येत होती, तिच्या मागे शालू. काळुराम मधल्या बांधावर थबकला. समोर आगर नव्हतं. खाडी घरापर्यंत आल्यासारखं सपाट पाणी होतं, आणि त्यावर त्याच्या उघाडीच्या फळ्या तरंगत होत्या.

मग त्याची नजर खाली गेली. त्याने पाचर उचलली. हातात फिरवून पाहिली. ती कोरडी होती. पाण्याने उडवलेली पाचर कोरडी नसते.

गोपीनाथ उठून उभा राहिला. हात मोकळे ठेवले. सखुबाईही उठली.

काळुरामने त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येण्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तो काहीतरी आठवत होता. 'जा तू, जेवून ये.' ते आठवून झालं तेव्हा त्याचा चेहरा पुसल्यासारखा झाला. त्याने पाचर होती तिथे परत ठेवली, दोन्ही हात जोडले आणि छातीपाशी धरले.

"रामराम," तो म्हणाला.

मीठ खात्याचा कारकून आगर बघायला आला की त्याला करायचे तसा. मान जितकी लववायची तितकीच. मग तो वळला, बायकोला दंडाला धरून घेऊन गेला. गोपीनाथचं वाक्य तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथ अंगणात आला तेव्हा काळुराम दारात उभा होता. "रामराम," हात जोडून. तिसऱ्या दिवशीही. पावसाळाभर, रोज, पेजेच्या वेळेला. तो भांडेना. कोंबड्या वाळवणात शिरल्या तरी भांडेना. त्याने पुढच्या मोसमात मधला बांध एकट्याने लिंपला, दोन्ही बाजूंनी. आगरावर तो भरतीला रोज उघाडीवर बसे, ठमाबाई तिथेच जेवण आणी, आणि थोरल्याची सावली बांधावर दिसली की तो उठून हात जोडी.

गावाने ते पाहिलं आणि गावाला ते आवडलं. मीठ कसं गेलं याची कुजबुज होती, पण काळुरामने कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. एवढं नुकसान होऊनही धाकटा थोरल्याला रोज हात जोडतो, काय ती रीत, असं लोक म्हणू लागले.

गोपीनाथने एकदा ठरवलं, आपण रामराम घ्यायचाच नाही. चार दिवस तो तोंड फिरवून गेला. पाचव्या दिवशी गावातला वडीलधारा माणूस परशुराम त्याला विहिरीपाशी गाठून म्हणाला, "गोपीनाथ, धाकटा हात जोडतो नि तू वलून बघत नाय. लोकं बोलतात. बरं नाय दिसत." तेव्हापासून गोपीनाथला उलट रामराम घालावा लागला. रोज सकाळी अंगणात, सख्ख्या भावाला, हात जोडून. ज्या पोराला त्याने पोहायला शिकवलं त्याच्यापुढे. ती काही क्षणांची गोष्ट असे, पण तिच्या भीतीने गोपीनाथ अंथरुणात जागा पडून राही.

"तो मना रोज मारतंय," तो सखुबाईला म्हणाला.

"हात जोडतंय तो," सखुबाई म्हणाली. "तुमाला लागत असंल तर लागू द्या. मना नाय लागत." पण तीही आता पाण्याला उलट्या वाटेने जाई.

दोन वर्षं झाल्यावर, चैत्रातल्या एका दुपारी, गोपीनाथ मधल्या बांधावर गेला. हातात फावडं घेतलं. बुजवायला बीळ नव्हतं, काळुरामने एकही ठेवलं नव्हतं, म्हणून त्याने उगीच एक ढेकूळ फोडलं. खाली बघितलं.

"पानी कवा येल?"

काळुराम उघाडीवर पाठ करून बसला होता. तो उठला. हेच गोपीनाथला आधी खटकलं. उत्तर देताना उठायचं नसतं. तो वळला, नीट तोंडाकडे बघून, उपरणं सारखं करून म्हणाला,

"आज अष्टमी. भांग हाय, पानी थोडंच चढंल. दिस मावलायला भरती. तुमाला काय काम असंल तर सांगा, मी मानूस धाडतो."

एकही शब्द चुकीचा नव्हता. विचारलेल्या गोष्टीचं खरं, पुरं उत्तर होतं ते. आणि 'तुमाला', 'सांगा'. जन्मभर ज्याने 'तू' म्हटलं त्याच्या तोंडून. गोपीनाथला वाटलं, याने तोंडावर थुंकलं असतं तर आपण ते पुसलं तरी असतं.

"नाय," तो म्हणाला. "काय काम नाय."

"बरं. रामराम."

त्या पावसाळ्याआधी काळुरामने आगर दुसऱ्या एकाला कसायला दिलं आणि बायको-मुलीला घेऊन डोंबिवलीकडे ठमाबाईच्या माहेरी गेला. तिथे तिच्या भावांची भातशेती होती आणि हात कमी पडत होते. निघायच्या दिवशी त्याने अंगणाचा आपला अर्धा भाग शेणाने सारवून घेतला आणि थोरल्याच्या दारात येऊन हात जोडले. बैलगाडी गेल्यावर गोपीनाथला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दुसऱ्या सकाळी तो पेज न घेताच आगरावर गेला.

तीन वर्षांनी शालूचं लग्न ठरलं. त्या काळात पोरी अकरा-बाराव्या वर्षीच उजवत. आमंत्रण घेऊन डोंबिवलीहून माणूस आला. घरचं कार्य असलं की काका-काकूला आठ दिवस आधी न्यायला माणूस येतो, काकूने हळद दळायला बसायचं असतं. हा माणूस लग्नाच्या आदल्या दिवशी आला, उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि गावातल्या इतर घरांकडे गेला.

"जायाचं नाय," सखुबाई म्हणाली.

"नाय गेलू तर लोकं म्हनतील, आमचंच चुकलं."

"चुकलं व्हतं?"

दोघं गेली.

मांडवात त्यांचं कुणी काही कमी केलं नाही. काळुराम स्वतः वेशीपर्यंत सामोरा आला, पाय धुवायला पाणी दिलं, गोपीनाथला सोयऱ्यांच्या रांगेत पुढच्या घोंगडीवर बसवलं. घरचे लोक मागे राबत होते, उष्टी काढत होते, एकमेकांवर ओरडत होते. तिकडे जायला गोपीनाथ दोनदा उठला आणि दोनदा कुणीतरी "बसा, बसा" म्हणून त्याला खाली बसवलं. पंगतीत काळुरामने त्याच्या पानावर आपल्या हाताने तूप वाढलं आणि संकोच करू नका म्हणाला. जेवणं झाल्यावर बाहेरच्या पाहुण्यांना द्यायची पागोटी निघाली. त्यातलं एक लाल पागोटं त्याने गोपीनाथच्या डोक्यावर ठेवलं.

नवरीला पाया पडायला आणलं. शालू मुंडावळ्यांच्या आडून बघत होती. तिने काकाला ओळखलं आणि ती हसली.

"पाया पड," काळुराम तिला म्हणाला. "हे कलव्याचे पाव्हने."

सखुबाई पुढे झाली. गोपीनाथला वाटलं आता ती बोलणार, पाच वर्षांचं सगळं इथे मांडवात ओतणार. तिने काळुरामकडे पाहिलं, आणि काळुरामने तिच्याकडे. मग तिने पोरीच्या ओटीत नारळ घातला, कपाळाला कुंकू लावलं आणि बाहेर पडली.

परतीला मुंब्र्याकडची एक रिकामी बैलगाडी मिळाली. गाडीवाला अनोळखी होता, बोलका होता. लाल पागोट्याकडे वळून वळून बघत त्याने विचारलं, "कुनाचं लगीन व्हतं, काका? जवलच्यातलं काय?"

गोपीनाथ पारसिकच्या डोंगराकडे बघत राहिला.

"नाय," सखुबाई म्हणाली. "वलखीचा एक मानूस हाय डोंबिवलीला. बोलावलं व्हतं, आलो."

गाडीवाल्याने मान डोलावली आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.